चेहरा नव्हे, सांधे तपासा

जून २०१९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केटी जोन्स नावाच्या एका तरुणीची बातमी दिली. लिंक्डइनवर तिचे खाते होते. तिशीच्या आसपासचे वय, तपकिरी-लालसर केस, ओठांवर हलके स्मित, नजर थेट समोर. मिशिगन विद्यापीठाची पदवी आणि वॉशिंग्टनमधल्या एका नामांकित अभ्याससंस्थेत नोकरी अशी माहिती तिने दिली होती. तिच्या ओळखीच्या यादीत अवघी ५२ माणसे होती, पण त्यांत अमेरिकी परराष्ट्र खात्यातला एक वरिष्ठ अधिकारी होता आणि एका सिनेटरचा सहायकही होता. बातमीदाराने चौकशी केली तेव्हा अशी कोणी आमच्याकडे काम करत नाही, असे अभ्याससंस्थेने सांगितले. विद्यापीठाकडेही तिची नोंद सापडली नाही. तज्ज्ञांना फोटो दाखवल्यावर हा चेहरा संगणकाने तयार केलेला आहे, असे त्यांनी ओळखले. कशावरून? नाक, हसू यांत बोट ठेवण्याजोगे फारसे काही नव्हते. कानातला दागिना मात्र वितळल्यासारखा दिसत होता. केसांच्या कडेला धूसर वलय होते, गालावर पुसल्यासारखे पट्टे होते आणि पाठीमागे नेमके काय आहे हे कितीही निरखले तरी कळत नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली आणि दरम्यान असे चेहरे तयार करणे मोबाइलवरच्या खेळाइतके सोपे झाले. ‘बोटे मोजा, सहा निघाली तर फोटो खोटा’ हा सल्ला व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोचला आहे. तो चुकीचा नव्हता, पण आता जुना झाला आहे. आज फिरणाऱ्या बहुतेक बनावट फोटोंत बोटे पाचच असतात. म्हणून खुणांची यादी पाठ करण्यापेक्षा त्या खुणा उमटतात कशा, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. कारण समजले की नवी खूणही ओळखता येते, आणि खूण सापडली नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हेही कळते.

आधी चेहऱ्याबद्दल बोलू, कारण आपली नजर पहिल्यांदा तिथेच जाते आणि नेमकी तिथेच फसते. २०१८च्या अखेरीस एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी स्टाइलगॅन नावाची प्रणाली मांडली. तिला शिकवण्यासाठी फ्लिकर या संकेतस्थळावरचे ७० हजार चेहरे वापरले होते. प्रत्येक फोटो असा कापून, फिरवून घेतला होता की डोळे चौकटीत जवळपास ठरलेल्या जागीच यावेत. हजारो वेळा एकाच जागी डोळे, त्याखाली नाक, त्याखाली तोंड पाहिलेली प्रणाली चेहरा काढण्यात तरबेज होणारच. या शिस्तीनेच पुढे तपासनिसांच्या हाती एक खूणही दिली. डिसेंबर २०१९ मध्ये फेसबुकने बनावट खात्यांचे एक मोठे जाळे काढून टाकले. त्यातल्या अनेक खात्यांवर असे तयार केलेले चेहरे होते. असे फोटो एकावर एक ठेवून पाहिले तर चेहरे वेगवेगळे दिसतात, पण सगळ्यांचे डोळे एकमेकांवर बसतात. खऱ्या माणसांचे फोटो असे बसत नाहीत. कोणी मान वाकडी करतो, कोणी चौकटीच्या कडेला उभा असतो.

चेहरा पाहून खरेखोटे सांगण्याची आपली क्षमता किती, हे सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या अभ्यासकांनी तपासले. त्यांचा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक लोकांना त्यांनी खरे आणि तयार केलेले चेहरे दाखवले. बरोबर उत्तरांचे प्रमाण निघाले ४८.२ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी एवढेच आले असते. दुसऱ्या गटाला आधी खुणा समजावून सांगितल्या, प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर हेही सांगितले, तरी गाडी ५९ टक्क्यांच्या पुढे गेली नाही. आणि विश्वासू कोण वाटते असे विचारले तेव्हा तयार केलेल्या चेहऱ्यांना लोकांनी खऱ्यांपेक्षा ७.७ टक्के जास्त गुण दिले. ‘माणूस चेहऱ्यावरून सज्जन वाटतो’ हे वाक्य आपण लग्नाच्या स्थळापासून भाडेकरूपर्यंत सर्रास वापरतो. फोटोपुरते तरी ते आता सोडून द्यायला हवे.

मग पाहायचे कुठे? माझे उत्तर असे की सांध्यांवर पाहावे. सांधा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात ती जागा: कानाची पाळी आणि कुडे, बोटे आणि त्यांनी धरलेला पेला, चष्म्याची काडी आणि कानामागचे केस, पदराचा काठ आणि खांदा. एकमेकींपासून दूर असूनही जुळायलाच हव्यात अशा जोड्याही मी यातच धरतो: डावा कान आणि उजवा कान, एक डोळा आणि दुसरा डोळा, ऊन आणि सावली. चित्र बनवणाऱ्या प्रणालीने वस्तू पाहिलेल्या नसतात, वस्तूंची चित्रे पाहिलेली असतात. कुड्याची दांडी पाळीच्या भोकातून जाते, मागून तिला फिरकी बसते, म्हणून कुडे लटकत न राहता पाळीला घट्ट बसते, ही साखळी तिला ठाऊक नसते. कानाजवळ सोनेरी ठिपका असतो एवढे तिला ठाऊक असते.

यामागचे तंत्र थोडे जवळून पाहू. स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रणाली २०२२पासून सर्वांच्या हाती आल्या. त्यांचे काम एखाद्या धुरकट, मुंग्या आलेल्या पडद्यापासून सुरू होते, आणि त्या मुंग्या टप्प्याटप्प्याने कमी करत चित्र उमटवले जाते. पण हे काम पूर्ण आकाराच्या चित्रावर चालत नाही. सुरुवातीच्या आवृत्तीत ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचे चित्र आधी ६४ बाय ६४ घरांच्या लहान जाळीत मांडले जाई, आणि शेवटी ती जाळी फुगवून मोठे चित्र बनवले जाई. म्हणजे चित्रातल्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या वाट्याला जाळीतले एकच घर येई. अख्खा चेहरा त्या चित्रात असेल तर त्याला शेकडो घरे मिळतात. कंबरेपर्यंतच्या फोटोत करंगळीला मात्र जेमतेम दोन-तीन घरे येतात आणि मागच्या पाटीवरच्या अक्षराला एक. तेवढ्यावरून करंगळी कुठे संपते आणि अनामिका कुठे सुरू होते, हे प्रणालीला अंदाजाने भरावे लागते. त्यात हात एका वेळी हजार तऱ्हांनी वळतो. मुठीत बोटे लपतात, एक हात दुसऱ्यावर येतो. शिकवणीच्या फोटोखालच्या मजकुरात ‘माणूस चहा पितो आहे’ असे असते, ‘चार बोटे दिसतात, अंगठा कपामागे आहे’ असे कोणी लिहीत नाही. हात बिघडत होते ते यामुळे. पुढे मार्च २०२३ मध्ये मिडजर्नीची पाचवी आवृत्ती आली तेव्हा हात पुष्कळ सुधारले, आणि नंतरच्या प्रणालींत ती खूण आणखी विरळ झाली.

त्याच महिन्यात तत्कालीन पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्याशुभ्र फुगीर जाकिटातला फोटो जगभर फिरला. मिडजर्नीवर बनवलेले ते चित्र लाखोंनी खरे मानले. सांध्यांची गोष्ट त्या चित्राइतकी स्वच्छ क्वचितच दिसते. चेहरा ओळखीचा आणि बिनचूक. आता उजव्या हाताकडे जा. त्यात कॉफीच्या पेल्यासारखे काहीतरी आहे, पण बोटांची पकड त्या वस्तूवर बसलेली नाही. पेला हवेत आहे आणि हात त्याच्या शेजारी आहे. छातीवर क्रूस लोंबतो आहे, त्याची साखळी एका बाजूला नीट वर जाते आणि दुसऱ्या बाजूला ती नाहीच. एका बाजूच्या साखळीवर क्रूस असा मधोमध राहू शकत नाही, तो घसरून एका अंगाला जाईल. चष्म्याच्या कडेशी काच कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते तेही कळत नाही. यांतली एकही चूक सौंदर्याची नाही. प्रत्येक चूक ‘हे कशावर टेकले आहे, कशाने धरले आहे’ या प्रश्नाशी येऊन थांबते. फोटो मोठा करून हाच प्रश्न विचारत गेलात, तर बोटे मोजण्यापेक्षा जास्त हाती लागेल.

आपल्याकडच्या फोटोंत हा प्रश्न विचारायला जागा भरपूर आहेत, कारण आपल्या पेहरावात सांधे फार. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलच्या प्रणालीवर आपला फोटो देऊन जुन्या सिनेमातल्यासारखा साडीतला फोटो बनवून घेण्याची लाट आली होती. तेव्हा घराघरांतल्या मुलींनी असे फोटो लावले. ते हौसेने आणि उघडपणे लावलेले होते, त्यात फसवणूक नव्हती. पण सरावासाठी ते चांगले आहेत. मंगळसूत्राचे काळे मणी मानेच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच सरांत वर जातात का, की एका बाजूला दोन सर आणि दुसऱ्या बाजूला एक? दोन वाट्या आहेत का, आणि त्या खऱ्या दोऱ्यात ओवलेल्या दिसतात का? नथीची तार नाकपुडीला टेकते की नाकासमोर तरंगते? पैठणीचा काठ खांद्यावरून मागे गेला आणि कमरेपाशी पुन्हा दिसला, तर त्यावरची नक्षी आणि रुंदी तीच आहे का? निऱ्यांमध्ये काठ दुमडला की नक्षीही दुमडली पाहिजे. प्रणाली पुष्कळदा घडीवर नक्षी सपाट पसरून देते. साडी नेसणाऱ्या बाईच्या नजरेला ही चूक क्षणात दिसते, आणि ती दाखवायला तिला संगणकाचे काहीही कळावे लागत नाही. शिंपी, सोनार, छायाचित्रकार, चष्मेवाला यांचेही तसेच. दूरचे दिसण्यासाठी लावलेल्या जाड उणे नंबरच्या चष्म्यातून गालाची कड पाहिली तर ती काचेच्या आत किंचित आत सरकलेली दिसते, कारण ती काच प्रतिमा लहान करते. बनावट फोटोत पुष्कळदा जाड काचेतूनही गालाची रेघ सरळ जाते. बिननंबरी किंवा अगदी कमी नंबरच्या काचेत मात्र खऱ्या फोटोतही ती सरळच दिसेल, हे लक्षात ठेवायचे.

मजकुराची खूणही याच कुळातली आहे. माणसामागे दुकानाची पाटी, बसचा फलक, छातीवरचा बिल्ला, टी-शर्टवरचे वाक्य असेल तर ते वाचून पाहा. प्रणाली अक्षर लिहीत नसते, अक्षरासारखा आकार काढत असते. रोमन लिपीत अक्षरे सुटी असतात, त्यामुळे तिथली सुधारणा लवकर झाली. देवनागरीत शिरोरेघेच्या वरखाली काना, वेलांटी, उकार, अर्धे अक्षर आणि रफार यांची गुंतागुंत असते. म्हणून शिरोरेघ ठसठशीत, पण खाली ‘क्ष’ आणि ‘श्र’ यांच्या मधले काहीतरी, वेलांटी अक्षराला सोडून भलतीकडेच, अशा पाट्या बनावट फोटोंत दिसतात. नव्या प्रणाली मोठ्या अक्षरांतले दोन-चार शब्द आता नीट लिहू लागल्या आहेत. दुकानाचे नाव बरोबर असते आणि त्याखालच्या बारीक ओळीत, पत्त्यात, ‘आमची कोठेही शाखा नाही’च्या जागी गोंधळ असतो.

इथे एक कसोटी मात्र काटेकोरपणे लावायला हवी. खऱ्या फोटोतही मागची पाटी वाचता येत नाही, कारण ती कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर राहून धूसर झालेली असते. तेव्हा तिच्याबरोबर तेवढ्याच अंतरावरचे विजेच्या तारा, खिडकीचे गजही धूसर असतात. पाटीच्या कडा स्वच्छ, शेजारची वीट न् वीट मोजता येते आणि अक्षरे मात्र कोणत्याच भाषेची नाहीत, असे असेल तर संशय रास्त. धूसर असल्यामुळे वाचता न येणे वेगळे आणि स्पष्ट असूनही वाचता न येणे वेगळे. शिवाय पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या काही सेल्फींत अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येतात. ती फोनची सवय आहे, तिच्यावरून कोणाला खोटे ठरवू नये.

आता प्रकाशाकडे वळू. माझ्या मते सगळ्या खुणांत ही जास्त काळ टिकणारी आहे, कारण बोटांची संख्या सुधारणे सोपे आणि सगळ्या चित्रभर एकाच सूर्याचा हिशेब ठेवणे अवघड. समजा, तुमच्याकडे एक फोटो आला आहे. नऊवारीतली एक तरुणी, मागे मंदिराची दीपमाळ, संध्याकाळचे ऊन. सूर्य तिच्या पाठीमागे, क्षितिजाजवळ आहे. अशा उन्हात केसांच्या आणि खांद्याच्या कडा सोनेरी उजळतात आणि चेहरा त्या मानाने सावलीत राहतो. फोटोत चेहराही स्टुडिओतल्यासारखा उजळ असेल, तर त्या उजेडाला दुसरा उगम हवा. छायाचित्रकाराने फ्लॅश वापरला असेल, किंवा मदतनिसाने समोर पांढरा फलक धरला असेल. लग्नाचे फोटो काढणारे हे रोज करतात, म्हणून ‘चेहरा उजळ, तस्मात बनावट’ हा निष्कर्ष चूक आहे. पण फ्लॅश असेल तर त्याची खूण राहते. ती शोधायला डोळ्यांत पाहायचे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा हा लहानसा फुगीर आरसा आहे. समोर जे उजळ असेल त्याचे प्रतिबिंब त्यात पडते. फ्लॅशचा एक टोकदार ठिपका दिसतो, खिडकीची चौकट दिसते, उघड्यावर काढलेल्या फोटोत वरच्या अंगाला आभाळाची कमान आणि कधी फोटो काढणाऱ्याची काळी आकृतीही दिसते. दोन डोळ्यांत अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटरचे. दिवा दोन-तीन मीटरवर असेल तर एवढ्या अंतराने फारसा फरक पडत नाही, म्हणून दोन्ही डोळ्यांतले ठिपके जवळपास सारख्या आकाराचे आणि सारख्या बाजूला असले पाहिजेत. एका डोळ्यात चौकोनी खिडकी आणि दुसऱ्यात गोल दिवा, किंवा एकात ठिपका डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे, असे दिसले तर विचारायला हवे. ब्रिटनमधल्या हल विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये यासाठी आपल्याच शास्त्रातले माप वापरले. दीर्घिकेतला प्रकाश किती पसरलेला आणि किती एकवटलेला आहे हे मोजण्याची पद्धत त्यांनी डोळ्यांतल्या प्रतिबिंबांना लावली आणि दोन डोळ्यांची मापे जुळतात का ते पाहिले. ही पद्धत रामबाण नाही, हेही त्यांनीच सांगितले. मेणबत्ती चेहऱ्याजवळ असेल, पापणीने एका डोळ्याचा वरचा भाग झाकला असेल, मान बरीच वळलेली असेल, तर खऱ्या माणसाचेही ठिपके जुळत नाहीत. आणि फोटो इतका लहान असेल की बुबुळ दहा-बारा ठिपक्यांचेच आहे, तर ही तपासणी करूच नये.

सावल्यांकडे पाहताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, पट्टी घ्या. सावली बरोबर पडली आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवण्यात माणूस फार कच्चा आहे, हे फरीद यांनीच पूर्वी एका प्रयोगात दाखवले आहे. पद्धत शाळेतल्या भूमितीची आहे. सावलीतला एक ठळक बिंदू घ्या, उदाहरणार्थ दीपमाळेच्या टोकाची जमिनीवरची सावली. तिथून दीपमाळेच्या टोकापर्यंत रेघ ओढा आणि पुढे वाढवा. दुसरी रेघ शेजारच्या खांबाची, तिसरी त्या तरुणीच्या हातातल्या ताटाची. उजेडाचा उगम एकच असेल तर या सगळ्या रेघा एकाच बिंदूकडे गेल्या पाहिजेत, मग तो बिंदू फोटोच्या चौकटीबाहेर का असेना. दोन रेघा एकीकडे आणि तिसरी भलतीकडे गेली तर एक तर दुसरा दिवा आहे किंवा त्या वस्तू एका उजेडात कधीच नव्हत्या. नाकाची सावली एका गालावर आणि हनुवटीची मानेवर दुसऱ्या बाजूला, हा याच चुकीचा लहान अवतार आहे. तो पट्टीशिवायही दिसतो.

या सगळ्या खुणा शिकल्यावर एक धोका सुरू होतो, आणि तो मला फसण्याइतकाच मोठा वाटतो. खऱ्या माणसाच्या खऱ्या फोटोला आपण खोटे म्हणू लागतो. आजचा फोन नुसता फोटो काढत नाही. तो लागोपाठच्या अनेक फोटोंचा एक करतो, त्वचा गुळगुळीत करतो आणि ‘पोर्ट्रेट’ लावले की पार्श्वभूमी स्वतःच्या अंदाजाने धूसर करतो. त्या अंदाजात कानाची कड, चष्म्याची काडी, भुरभुरणारे केस पुसले जातात. केटी जोन्सच्या केसांभोवती होते तसले वलय तुमच्या भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोतही सापडेल. २०२३च्या अखेरीस एका ब्रिटिश अभिनेत्रीचा फोटो गाजला. लग्नाचा पोशाख घालून ती दुकानात आरशांसमोर उभी होती आणि तिचे हात एका आरशात एका तऱ्हेने, दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच तऱ्हेने होते. भूमितीच्या हिशेबाने हा फोटो अशक्य होता, तरीही तो साध्या फोनने काढलेला होता. फोन बाजूला फिरवत लांबट फोटो घेतला की तो वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या पट्ट्या जोडतो, आणि तेवढ्यात हात हलले होते, असा त्याचा उलगडा झाला. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन सांध्यांत खोट दिसली, आणि फोनच्या करामतीने तिचा उलगडा होत नसेल, तरच संशय बोलून दाखवावा. फोटो टाकला की टक्केवारी सांगणारी ऑनलाइन साधनेही याला अपवाद नाहीत. व्हॉट्सॲपवर दहा वेळा पुढे गेलेला, दाबून लहान झालेला फोटो त्यांनाही चकवतो.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. एकही खूण न सापडणे हा फोटो खरा असल्याचा पुरावा नाही. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलन करत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या महिला कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतले. पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता फोगाट यांच्यासह काढलेला एक सेल्फी त्याच दिवशी समाजमाध्यमांवर आला. थोड्याच वेळात त्याची दुसरी आवृत्ती फिरू लागली. तिच्यात दोघी प्रसन्न हसत होत्या. ‘बघा, आंदोलन हे नाटक आहे’ असा मजकूर त्यासोबत होता आणि अनेकांनी तो खरा मानला. आता या फोटोला आपल्या कसोट्या लावून पाहा. गाडी खरी, खिडक्या खऱ्या, शेजारची माणसे खरी, हात खरे, उजेड खरा. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यातले ओठ आणि गाल तेवढे बदललेले. सांधे तपासून इथे काहीही हाती लागले नसते. खोटेपणा उघड झाला तो दोन गोष्टींनी. हसण्यात गालांवर ज्या खळ्या दिसत होत्या, त्या या खेळाडूंच्या दुसऱ्या कोणत्याही हसऱ्या फोटोत नव्हत्या. आणि आधी प्रसिद्ध झालेला मूळ फोटो उपलब्ध होता, त्यात चेहरे गंभीर होते. तथ्य तपासणाऱ्यांनी मूळ फोटोवर चेहरा बदलणारे फेसॲप वापरून तसेच हसू आणून दाखवले. ते साधन कोणाच्याही फोनवर मिळते.

म्हणून शंका आली तर तिचा निकाल फोटोच्या आत लागेलच असे धरू नका, फोटोच्या बाहेरही जा. गूगल लेन्ससारख्या साधनाने तोच फोटो आधी कुठे आला आहे का ते शोधा. जुनी प्रत मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवा. काहीच न मिळाल्यास त्यावरून काही ठरत नाही, कारण खाजगी माणसाचा खरा फोटोही शोधात येत नाही. पाठवणारा ओळखीचा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की तो दाबला जात नाही आणि कॅमेरा, तारीख यांची नोंद असेल तर ती टिकून राहते. ती नोंदही बदलता येते, पण बुबुळातले प्रतिबिंब आणि पाटीवरची बारीक ओळ वाचण्याजोगी मोठी प्रत तरी मिळते. काही कंपन्या आपल्या प्रणालीतून निघालेल्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण घालतात. गूगलने २०२३ मध्ये अशी खूण आणली. ती सापडली तर प्रश्न मिटतो, न सापडल्यास फोटो दुसऱ्या प्रणालीने बनवलेला असू शकतो.

लग्नाचे स्थळ, घरभाड्याचा व्यवहार, परदेशातून आलेली मैत्रीची विनंती अशा ठिकाणी दुसरा फोटो मागून भागवू नका. एकाच काल्पनिक माणसाचे हवे तितके फोटो आता बनवता येतात. केटी जोन्सच्या बाबतीत तिच्या कार्यालयाला आणि विद्यापीठाला विचारणा झाली, तेव्हाच ती तिथे कधी नव्हती हे उघड झाले. तुम्हीही फोटोत दिसणाऱ्या माणसाला ओळखणारे तिसरे कोणीतरी शोधा आणि त्याला फोन करा. तो फोन होईपर्यंत तो फोटो पुढे पाठवू नका.